उंटाच्या मागचे बैल

आमच्या घरात एक फोटो आहे. रंगीत, पोस्टकार्डापेक्षा थोडा लहान, एका कोपऱ्यात दुमडलेला. त्यात माझे थोरले काका उभे आहेत. त्यांच्या डाव्या बाजूला एक उंट आहे, उंटावर उलटी बांधलेली बाज, बाजेच्या चार पायांमध्ये गाठोडी, आणि एका पिशवीतून डोकं बाहेर काढलेलं कोकरू.

काका १९८४ साली घर सोडून गेले. आजोबांनी त्यांना न विचारता खिलार बैलांची जोडी बाजारात विकली. ती जोडी काकांनी वासरापासून वाढवली होती. भांडण झालं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काका घरात नव्हते. दोन वर्षांनी, १९८६ मध्ये, एका पाकिटातून हा फोटो आला. सोबत चिठ्ठी नव्हती. पाकिटावरचा शिक्का शाईचा नुसता काळा डाग होता.

उंट दिसल्यावर सगळ्या गावाने एकच निष्कर्ष काढला. पोरगा राजस्थानात गेला.

वडील १९८७ च्या हिवाळ्यात राजस्थानात जाऊन आले. त्यांना हिंदी धड येत नव्हतं. नागौरच्या जनावरांच्या जत्रेत ते सहा दिवस फोटो दाखवत फिरले. उंटवाले फोटो हातात घ्यायचे, बघायचे, मान हलवायचे. एकाने काहीतरी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण वडिलांना ते कळलं नाही. परत आल्यावर आजीने त्यांना काही विचारलं नाही. पुढे आजी गेली, आजोबा गेले. सातबाऱ्यावर मात्र काकांचं नाव अजून आहे. जमिनीचं काहीही करायचं म्हटलं की त्यांची सही लागते. सात वर्षं कुणाचा ठावठिकाणा नसेल तर कोर्टाकडून त्याला मृत मानून घेता येतं, हे वडिलांना पंचवीस वर्षांपूर्वीच एका वकिलाने सांगितलं होतं. त्यांनी तो अर्ज तयार करून घेतला आणि कपाटात ठेवून दिला.

मी जनावरांचा डॉक्टर आहे. आमचं गाव सांगोला तालुक्यात, म्हणजे खिलारच्या मुलखात. माझी पहिली नेमणूक झाली ती वर्धा जिल्ह्यात. तिथे तीन वर्षं काढून दिवाळीला घरी आलो, कपाट आवरताना तो फोटो हाती लागला, आणि मी तो आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितला. लहानपणापासून शंभर वेळा तरी पाहिला असेल, पण दर वेळी मी काका बघत होतो आणि उंट बघत होतो. त्या दिवशी मला उंटाच्या मागे रस्त्याच्या पलीकडे उभी असलेली बैलगाडी दिसली.

बैल पांढरे होते. चेहरे लांब आणि अरुंद. शिंगं आखूड.

मला वाटलं, हे तर मी रोज बघतो.

असं वाटणं हा पुरावा नाही, हे मला माहीत होतं. ज्या भागात आपण काम करतो तिथली जनावरं आपल्याला सगळीकडे दिसायला लागतात. त्यामुळे मी फोटोचा मोबाइलवर स्वच्छ स्कॅन केला आणि पुढचे आठ दिवस एकेक गोष्ट तपासत बसलो. ते कसं केलं हे सांगतो, कारण हा फोटो वाचताना आमच्या घराने जी चूक केली ती कुणाच्याही हातून होईल.

पहिली गोष्ट रंगाची. जनावराची जात ओळखायची म्हटलं की माणूस आधी रंग बघतो. पण जुने रंगीत फोटो उतरतात आणि सगळे रंग सारखे उतरत नाहीत. बहुतेक वेळा निळी-हिरवी छटा आधी जाते आणि फोटो लालसर, पिवळट होतो. आमच्या फोटोत काकांचा पांढरा सदरा गुलाबी दिसतो. मग बैलाचा पांढरा खरा कशावरून? मी सदऱ्याशी तुलना केली. सदरा जितका गुलाबी तितकेच बैलही गुलाबी, म्हणजे बैल पांढरेच असावेत. मात्र पांढरा, राखाडी की मानेवर करडी झाक असलेला, हे त्या फोटोवरून सांगता येणार नव्हतं. म्हणून रंग बाजूला ठेवला. फोटो कितीही उतरला तरी शिंगाची दिशा, कपाळाची ठेवण आणि कानाची लांबी बदलत नाही. भर त्यांच्यावर द्यायचा.

शिंगापासून सुरुवात केली. आमच्याकडच्या खिलारची शिंगं डोक्यावर जवळजवळ उगवतात, मागे जातात आणि मग धनुष्यासारखी वर वळून टोकाला अणकुचीदार होतात. लांबून नुसती सावली दिसली तरी खिलार ओळखू येतो. फोटोतले बैल खिलार नव्हते, हे आंधळ्यालाही कळलं असतं. खरं तर काका ज्या मुलखातून गेले, त्या मुलखाचे बैल या फोटोत नाहीत, एवढं तरी आमच्या घरातल्या शेतकऱ्यांना तेव्हा दिसायला हवं होतं. त्यांनी ते पाहिलंही असेल. पण राजस्थान हे आधीच ठरलं होतं, त्यामुळे राजस्थानात बैल वेगळे असणारच, असं म्हणून विषय संपला असेल.

मग कुठले? लांब, अरुंद तोंडाचे पांढरे बैल म्हटल्यावर माझ्यासमोर दोन नावं होती. एक गवळाऊ. वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांतली आणि त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, शिवनी भागातली ही जात. दुसरं नाव नागौरी, राजस्थानातल्या नागौरची. आणि इथेच घोळ होता. नागौरीही पांढरा, उंच, चपळ, आणि त्याचं तोंड इतकं लांबट की लोक त्याला घोड्याची उपमा देतात. उंट अधिक नागौरी, म्हणजे वडील गेले होते ते ठिकाण अगदी बरोबर. आमच्या घराची गोष्ट खोटी ठरवायची तर मला हा बैल नागौरी नाही हे दाखवायला हवं होतं.

फरक शिंगात आणि कानात आहे. नागौरीची शिंगं मध्यम वाढीची असतात. डोक्याच्या बाहेरच्या कोपऱ्यांतून ती बाजूला निघतात, हळूच वर वळतात आणि टोकाला किंचित आत येतात. कान मोठे आणि लोंबते. गवळाऊची शिंगं आखूड, खुंटीसारखी, टोकाला बोथट आणि थोडी मागे झुकलेली. कान मध्यम, आणि जनावर ते उंच धरतं. डोळे बदामी आकाराचे, थोडे तिरके.

फोटोत डोळे दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पण डाव्या बैलाचा कान आकाशाच्या पार्श्वभूमीवर स्पष्ट होता. वर उचललेला, फार लांब नाही. शिंग त्याच्या कानापेक्षा जेमतेम मोठं.

आता आखूड शिंगाला दुसरी कारणं असू शकतात. बैल लहान असेल तर शिंगं वाढलेली नसतात. पण हे दोन्ही बैल गाडीला जुंपलेले होते, वशिंड भरलेलं होतं, म्हणजे कामाचे, पूर्ण वाढलेले बैल. आपल्याकडे शिंगं साळतात, पण साळल्याने शिंग गुळगुळीत आणि बारीक होतं, त्याची दिशा बदलत नाही आणि ते निम्मंही होत नाही. आणखी एक बाब माझ्या बाजूने होती. खच्चीकरण केलेल्या बैलाची शिंगं त्याच जातीच्या वळूपेक्षा सहसा लांब वाढतात. म्हणजे बैल असूनही शिंगं इतकी आखूड असतील, तर ती जातच आखूड शिंगांची.

इथवर मला बरं वाटत होतं. पण मी स्वतःच्या डोळ्यावर विसंबायला तयार नव्हतो. म्हणून एक साधी युक्ती केली. फोटोतून फक्त बैलगाडीचा भाग कापला. काका नाहीत, उंट नाही, नुसते बैल. ते चित्र मी तीन सहकाऱ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि एवढंच विचारलं की कुठली जात वाटते. दोघांनी गवळाऊ सांगितलं. तिसऱ्याने ओंगोल म्हटलं. ओंगोल ही आंध्रच्या प्रकाशम, गुंटूर भागातली जात, गवळाऊची जवळची नातेवाईक. तिचीही शिंगं आखूड आणि जाड असतात, पण ती अंगाने जास्त भारी आणि तिची पोळी, म्हणजे गळ्याखालची लोंबती कातडी, जास्त मोठी. त्याचं उत्तर चुकीचं म्हणता येत नाही, फक्त ते शेजारच्या घराचं दार वाजवतं.

मग मी पूर्ण फोटो आणखी दोघांना पाठवला, उंटासकट. प्रश्न तोच. दोघांनीही लगेच लिहिलं, नागौरी.

दोघंही माझ्याहून अनुभवी डॉक्टर. बैल तेच, शिंगं तीच. उंट दिसल्याबरोबर त्यांच्या डोक्यात राजस्थान आलं आणि मग त्यांनी राजस्थानातली पांढरी जात शोधली. सदतीस वर्षांपूर्वी आमच्या ओसरीवर हेच झालं होतं.

तेव्हा आता उंटाचा हिशेब लावणं भाग होतं. उंट तर फोटोत खराच होता. तो कुठून आला?

आपल्याला सगळे उंट सारखे दिसतात, पण ते सारखे नसतात. आपल्या देशात उंटाच्या नोंद झालेल्या नऊ जाती आहेत. त्यातला बिकानेरी ओळखायला सोपा. बाजूने बघितलं तर त्याच्या डोळ्याच्या वर, कपाळ आणि नाक जिथे मिळतात तिथे, ठळक खळगा असतो. शिवाय अनेकांच्या भुवया, कान आणि गळा दाट केसांनी भरलेला. जैसलमेरी सडपातळ, लांब पायांचा, लहान डोक्याचा, स्वारीचा उंट. कच्छी उंट अंगाने जाड, केस राठ, कपाळाला खळगा नाही, भुवयांवर झुपके नाहीत. फोटोतला उंट बाजूनेच उभा होता. त्याच्या कपाळाची रेघ सरळ उतरत नाकाकडे गेली होती. खळगा नाही, झुपके नाहीत, पाय जाड. बिकानेरी नक्की नाही, जैसलमेरीही वाटत नाही. कच्छी असावा, एवढंच मी म्हणू शकलो. उंटांच्या बाबतीत माझा हात बैलांइतका बसलेला नाही.

पण तेवढं पुरेसं होतं. कारण कच्छचा उंट त्याच्या घरी असता, तर त्याच्या मागे गाडीला कोण असतं? कांकरेज. कच्छ, बनासकांठा आणि राजस्थानच्या बाडमेर, जालोरकडचा भाग या जातीचा. कांकरेजची शिंगं एकदा बघितलेला माणूस ती विसरत नाही. बुडाशी जाड, बाहेर फाकून वर जाणारी, दोन्ही मिळून वीणेच्या आकाराची, आणि बुडापासून बऱ्याच उंचीपर्यंत कातडीने मढलेली. कान मोठे, लोंबते. फोटोतल्या खुंटीएवढ्या शिंगांचा आणि कांकरेजचा काही संबंध नव्हता.

म्हणजे फोटोतली दोन जनावरं दोन वेगळ्या मुलखांची नावं सांगत होती. उंट सांगत होता कच्छ. बैल सांगत होते वर्धा-नागपूर. दोघंही खरं बोलत असतील, तर दोघांपैकी एक जण प्रवासात होता.

कोण प्रवासात आहे हे फोटोतच लिहिलेलं होतं. राजस्थानात किंवा कच्छमध्ये गावातला उंट गाडीला जुंपलेला दिसतो, नांगराला दिसतो, पाण्याच्या पखाली वाहताना दिसतो. आमच्या फोटोतल्या उंटावर अख्खं घर होतं. बाज, गोधड्यांची गाठोडी, भांडी, आणि चालू न शकणारं कोकरू. हे डेरा हलवण्याचं ओझं. घर असलेला माणूस उंटावर बाज बांधून फिरत नाही.

आणि वर्ध्यात तीन वर्षं काढलेल्या मला तो डेरा परका नव्हता. कच्छचे रबारी मेंढपाळ कित्येक दशकं मेंढरं, शेळ्या आणि उंट घेऊन विदर्भात फिरतात. नागपूर, वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, पुढे छत्तीसगडपर्यंत. कापूस निघाला की शेतकरी खतासाठी त्यांची मेंढरं शेतात बसवून घेतात. गावातले लोक त्यांना कधी काठेवाडी म्हणतात, कधी सरसकट राजस्थानी. आर्वी रस्त्यावर सकाळी दवाखान्याकडे जाताना मी स्वतः असे उंट ओलांडून गेलो होतो. माझ्या मोबाइलमध्ये त्यांचे फोटो होते. तरीही घरच्या फोटोतला उंट मला राजस्थानचाच वाटत राहिला, कारण मला तसं सांगितलं गेलं होतं.

यातून मला जो नियम मिळाला तो साधा आहे. फोटोत अनेक जनावरं असतील तर आधी ठरवायचं की यातलं गावचं कोण आणि वाटसरू कोण. गावचं जनावर जागा सांगतं, वाटसरू जनावर माणसं सांगतं. फोटो बघताना नजर नेमकी वाटसरूवर जाते, कारण तो वेगळा दिसतो.

शेळ्यांचंही तसंच निघालं. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात तीन शेळ्या होत्या. उंटाच्या पायाशी दोन, काळ्या, कानांवर पांढरे ठिपके. काळं अंग आणि ठिपकेदार कान ही गुजरातेतल्या शेळ्यांची खूण. पण तिथल्या कच्छी, मेहसाणा, झालावाडी अशा बऱ्याच जाती या वर्णनात बसतात. झालावाडीची शिंगं स्क्रूसारखी पिळदार आणि सरळ वर जाणारी, ती चटकन वेगळी काढता येते. आमच्या दोन शेळ्यांची शिंगं फोटोत धूसर होती, म्हणून मी गुजरातच्या, एवढ्यावर थांबलो. त्या डेऱ्याबरोबरच्या, हे उघड होतं.

तिसरी शेळी वेगळी होती. ती बैलगाडीच्या चाकापाशी उभी, तांबूस-भुरी, आणि तिच्या तोंडावर शिंगाच्या बुडापासून नाकपुडीपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक पट्टा. पाठीच्या कण्यावर गडद रेघ. अशी शेळी मी वर्धा-अमरावतीकडे दारोदार बघितली आहे. तिला बेरारी म्हणतात. पण तोंडावर पट्टे इतरही शेळ्यांना असतात, आणि उतरलेल्या फोटोत तांबूस रंगाचं काही खरं नाही हे मी आधीच सांगितलं. एकटी ही शेळी असती तर मी तिच्यावर एक पैसा लावला नसता. पण ती गाडीपाशी होती आणि गाडीच्या बैलांचंच म्हणणं पुढे नेत होती.

एक शंका मात्र राहिली होती, आणि ती मोठी होती. बैल विकले जातात. आमच्याच घरातली जोडी विकली गेली म्हणून तर हे सगळं झालं. सांगोल्याचा खिलार कर्नाटकात जातो, नागौरी जत्रेतून चार राज्यांत जातो. मग गवळाऊची एक जोडी दूरच्या एखाद्या गावात का नसेल? एका जोडीवरून मुलूख ठरवणं म्हणजे एका पाहुण्यावरून गाव ठरवण्यासारखं.

म्हणून मी फोटो पुन्हा मोठा करून बघितला. गाडीच्या पलीकडे, बांधावरच्या झाडाखाली, एक गाय आणि तिला पीत असलेलं वासरू होतं. लहानपणी मला तो पांढरा दगड वाटायचा. गायीचं तोंड वासराकडे वळलेलं, त्यामुळे शिंगं दिसत होती. आखूड, मागे झुकलेली. बैल कामासाठी लांबून आणतात, पण त्या काळात कुणी साधी देशी गाय लांबून आणत नव्हतं. आखूड शिंगाची गाय आणि तिचं दूध पिणारं वासरू म्हणजे ती जात तिथे जन्मत होती.

फोटो १९८६ चा आहे याचाही फायदा झाला. आज त्याच रस्त्यावर फोटो काढला तर त्यात जर्सीची संकरित गाय असेल, कुणाच्या तरी हौसेची गीर असेल. गीर मूळची सौराष्ट्रातली. तिचं फुगीर कपाळ आणि वळलेल्या पानासारखे कान कुणीही ओळखेल, पण आता ती पुण्याजवळच्या फार्महाउसवरही असते आणि ब्राझीलमध्येही. तिच्यावरून जागा ओळखण्याचे दिवस गेले. जितका फोटो जुना आणि जितकं जनावर साधं, तितकी त्याची साक्ष पक्की.

वडिलांना मी हे सगळं एका संध्याकाळी सांगितलं. मोबाइलवर आधी नागौरी दाखवला, मग गवळाऊ, मग आमचा फोटो. ते जन्मभर बैलांत वावरलेले, त्यांना माझ्या अर्ध्या वाक्यांची गरज नव्हती. शिंग बघून त्यांनी मोबाइल खाली ठेवला.

"नागौरला सहा दिवस हेच बैल बघत होतो मी," ते म्हणाले. "त्यांचे कान असे लोंबायचे. मला दिसत होतं रे. हे ते नाहीत, हे मला दिसत होतं."

थोड्या वेळाने म्हणाले, "एक उंटवाला सारखा बैलावर बोट ठेवत होता. मला वाटलं, विकत घ्यायचेत का विचारतोय."

मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी हिशेब मांडला, की सोलापुरातून वर्ध्याला जायला किती वेळ लागतो. मी म्हणालो, रात्रभराची गाडी. "म्हणजे तो महाराष्ट्रातच होता," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

जानेवारीत आम्ही दोघं वर्ध्याला गेलो. जनावरं पत्ता सांगत नाहीत, ती फार तर दोन-तीन जिल्हे सांगतात, हे मी त्यांना चारदा समजावलं होतं. आम्ही आर्वी आणि कारंजा तालुक्यांतल्या माझ्या ओळखीच्या गावांपासून सुरुवात केली, कारण गवळाऊ सांभाळणारी नंदगवळ्यांची वस्ती तिथे आहे आणि म्हाताऱ्या माणसांशी मला बोलता येत होतं. चार दिवसांत अकरा गावं झाली. लोक फोटो बघायचे. काकांकडे बघून कुणी काही म्हणायचं नाही. बैलांकडे बघून मात्र प्रत्येक जण म्हणायचा, हे आपले.

पाचव्या दिवशी एका गोठ्यात ऐंशीच्या घरातले एक गवळीबाबा भेटले. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि काका ओळखत नाही म्हणाले. मग वडिलांना विचारलं, तुम्ही कोणत्या गावचे? वडील म्हणाले, सोलापूरकडचे.

"सोलापूरकडचा होता ना बावा एक," ते म्हणाले. "काठेवाड्यायसंगं आला होता. दोन वर्सं राह्यला जिनिंगवर. आमच्या बैलायले बिनशिंगे म्हने. म्हने, शिंगं पाहाची असन तं आमच्याकडं या."

तो हाच का, हे त्यांना सांगता येईना. तोंड आठवत नव्हतं, नाव आठवत नव्हतं. पुढे कुठे गेला विचारलं तर हाताने दक्षिणेकडे दाखवून म्हणाले, "चांद्याकडं गेला म्हनते."

मला माहीत आहे की हा पुरावा नाही. सोलापूरकडची किती माणसं त्या काळात जिनिंगवर कामाला आली असतील. मी डॉक्टरच्या भाषेत वडिलांना तेच समजावू लागलो, तर त्यांनी हाताने थांबवलं. खिलार पाळलेला माणूस दुसऱ्याच्या आखूड शिंगांना हसणारच, ते म्हणाले, आणि आपल्या घरात असं हसणारा एकच होता.

परतीच्या गाडीत त्यांनी पिशवीतून वकिलाने केलेला तो जुना अर्ज काढला. तो त्यांनी बरोबर आणला आहे हे मला माहीत नव्हतं. त्यांनी फोटो त्याच्या घडीत ठेवला, घडी पुन्हा पिशवीत ठेवली, आणि खिडकीबाहेर बघत विचारलं,

"चंद्रपूरकडचे बैल कसे असतात रे?"